तिसरी-चौथीला राऊंडर्स: एक बॅट, चार बॉल आणि अठ्ठावीस मुलं

प्रश्न: आमची जिल्हा परिषदेची शाळा आहे. तिसरी-चौथी मिळून २८ मुलं-मुली. मैदान बरं आहे, पण साहित्य म्हणजे एक प्लास्टिकची बॅट आणि चार टेनिस बॉल. क्रिकेट लावलं की चार-पाच मुलं खेळतात, बाकीची मातीत रेघोट्या मारत बसतात. राऊंडर्ससारखा खेळ या वयाला शिकवायचा तर सुरुवात कुठून करावी आणि कोणाला काय काम द्यावं?

उत्तर:

वर्गाचे दोन संघ करू नका, सात-सातचे चार गट करा. आणि पहिले तीन-चार तास बॅट कपाटातच राहू द्या.

गट का, ते साध्या हिशोबाने पटेल. १४ विरुद्ध १४ असा एकच खेळ लावला तर बॉल टाकणं, मारणं, धावणं आणि बॉल परत येणं यात प्रत्येक वेळी साधारण अर्धा मिनिट जातो. २० मिनिटांत ४० वेळा बॉल मारला जाईल आणि मारणारी मुलं २८. म्हणजे एकेकाच्या वाट्याला एक, फार तर दोन फटके. मैदानात उभ्या १४ जणांपैकी निम्म्यांच्या हाताला तर तासभर बॉल लागणारच नाही. रेघोट्या सुरू होतात त्या शिस्त नाही म्हणून नव्हे, काम नाही म्हणून. सातच्या गटात प्रत्येकाला तीन फटके मिळून सातही जणांची पाळी १०-११ मिनिटांत संपते, आणि चार गटांत मिळून ८४ फटके होतात. हा फरक कुठल्याही साहित्याने भरून निघणार नाही.

आता सातांची कामं. राऊंडर्समध्ये फलंदाज बॉल मारून चार थांब्यांना बाहेरून वळसा घालतो, उजव्या हाताच्या थांब्यापासून सुरू करून, म्हणजे घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने. मूळ इंग्लंडमधल्या नियमात पहिले तीन टप्पे १२-१२ मीटरचे आणि शेवटचा साडेआठ मीटरचा असतो. आठ-नऊ वर्षांच्या मुलांना हे फार होतं. तुमच्या पावलांनी आठ-आठ पावलांचा चौकोन घ्या. थांब्यांसाठी दोन लिटरच्या बाटल्यांत वाळू भरून ठेवा आणि प्रत्येक बाटलीभोवती फक्कीचा हातभर गोल काढा; थांब्याला लागलं म्हणजे पाय गोलात पडला. विटा ठेवू नका, धावताना मूल खाली बघत नाही. काठ्याही रोवू नका.

गटातल्या प्रत्येकाला नंबर द्या आणि नंबर जागेला चिकटवा, मुलाला नाही. एक नंबर फलंदाज. दोन नंबर बॉल टाकणारा. तीन नंबर फलंदाजाच्या मागे उभा राहणारा, त्याला आपण ‘घरवाला’ म्हणू. चार, पाच आणि सहा नंबर अनुक्रमे पहिल्या, दुसऱ्या आणि तिसऱ्या थांब्यापाशी. सात नंबर लांब, दुसऱ्या आणि तिसऱ्या थांब्याच्या मधोमध पण दहाएक पावलं मागे. चौथा थांबा फलंदाजाच्या डाव्या हाताला जवळच येतो, तो घरवालाच सांभाळतो. फलंदाजाचे तीन फटके झाले की सगळे एक जागा सरकतात: फलंदाज सात नंबरला जातो, सातचा सहाला, सहाचा पाचला, आणि दोन नंबरवर बॉल टाकत असलेला फलंदाज होतो. म्हणजे पाळीची वाट बघत बसलेलं असं कोणीच उरत नाही.

या सरकण्यात एक गोष्ट मुद्दाम ठेवलेली आहे. बॉल टाकणारा हाच पुढचा फलंदाज असतो आणि मोजायचे ते टाकलेले बॉल नाहीत, लागलेले फटके. त्याने वेडावाकडा बॉल टाकला तर त्याचीच पाळी लांबते. क्रिकेटमुळे मुलांच्या डोक्यात बसलेलं असतं की बॉल टाकणाऱ्याने समोरच्याला चकवायचं. तिसरीतलं मूल चकवायला गेलं की बॉल डोक्यावरून नाही तर पायाखालून जातो आणि खेळ तिथेच मरतो. ‘नीट टाक, नीट टाक’ असं ओरडून हे सुटत नाही. पाळीची रचना अशी ठेवली की ते मूल आपणहून सोपा बॉल टाकायला लागतं.

धाव कधी थांबते, हे पहिल्याच दिवशी एकदम स्वच्छ ठरवायला हवं. घरवाल्याच्या पायाशी एक घमेलं ठेवा. शाळेत पोषण आहाराचं, बागकामाचं जे असेल ते. बॉल घमेल्यात पडला की धावणं बंद. त्या क्षणापर्यंत फलंदाजाचे जेवढे थांबे झाले तेवढे गुण. दोन थांब्यांच्या मध्ये सापडला तर मागे लागलेला थांबा धरायचा. टेनिस बॉल पत्र्याच्या घमेल्यात पडला की ठण्ण वाजतं आणि ते सगळ्यांना ऐकू जातं. ‘मी आधी पोचलो’ची अर्धी भांडणं त्या आवाजानेच मिटतात. प्लास्टिकच्या बादलीत बॉल उसळून बाहेर येतो, म्हणून घमेलंच बरं.

पहिले दोन तास फलंदाज बॉल मारत नाही, नुसता फेकतो. हातात बॉल घेऊन उभा राहतो, मैदानात पाहिजे तिकडे फेकतो आणि पळतो. बॉल टाकणारा त्या दिवसांत चौकोनाच्या मध्ये उभा राहून नुसता अडवतो. असं का करायचं? बॅटने बॉल मारणं ही या खेळातली सगळ्यात अवघड गोष्ट आहे. ती पहिल्या दिवशी आणली तर दहापैकी सहा-सात वेळा बॉल लागतच नाही, आणि बॉल लागला नाही तर क्षेत्ररक्षण करणाऱ्या पाच जणांना शिकायला काहीच मिळत नाही. फेकलेला बॉल प्रत्येक वेळी खेळात येतो. फलंदाजाला मोकळी जागा बघून बॉल घालायची सवय लागते ती इथेच. हुशार मूल तिसऱ्या पाळीपर्यंत सात नंबरपासून लांब फेकायला लागतं. त्याला तिथेच सगळ्यांसमोर विचारा, ‘तिकडेच का टाकलास?’ त्याचं उत्तर तुमच्या दहा सूचनांपेक्षा जास्त कामाचं असतं.

या दोन तासांत तुम्हाला दिसणारी पहिली मोठी गडबड म्हणजे झुंबड. बॉल दुसऱ्या-तिसऱ्या थांब्याच्या मधून घरंगळत गेला की पाच, सहा आणि सात तिघेही त्याच्यावर तुटून पडतात, डोकी आपटतात, एकजण बॉल उचलतो आणि मान वर करून बघतो तर थांब्यांवर कोणी नाही. ‘आपल्या जागेवर थांबा’ असं सांगितलं तर मुलं खांबासारखी थांबतात आणि बॉल शेजारून जातो तरी हलत नाहीत. म्हणून थांबा असं सांगायचं नाही. प्रत्येक बॉलला प्रत्येकाला एक काम सांगायचं. ज्याच्या सगळ्यात जवळ बॉल आला तो ‘माझा!’ असं ओरडतो आणि बॉलवर जातो. त्याच्या मागे जो असेल तो त्याच्या पाठीमागे पाच-सहा पावलांवर धावतो, बॉल सुटला तर अडवायला. बाकीचे थांब्यांकडे.

एक फटका सावकाश उलगडून बघा. बॉल जमिनीवरून पाच आणि सहा नंबरच्या मधून जातोय, सहाच्या जरा जवळून. सहा ओरडतो ‘माझा’ आणि आपल्या डावीकडे धावतो. सात नंबर त्याच्या मागे येतो. पाच नंबर दुसऱ्या थांब्यावरच राहतो. चार नंबरचं काम संपलेलं नाही: फलंदाज पहिला थांबा ओलांडून गेला की तो चौकोनाच्या मध्ये येतो, कारण सहाचा थ्रो घरापर्यंत पोचणार नसेल तर बॉल मध्ये झेलून पुढे द्यायला कोणीतरी लागतं. बॉल टाकणारा थ्रोच्या वाटेतून बाजूला होतो. तो मध्येच उभा राहिला तर हमखास त्याच्या पाठीत बॉल बसतो. घरवाला घमेल्याशेजारी दोन्ही हात छातीसमोर धरून ‘इकडे’ म्हणून हाक मारतो. ही हाक महत्त्वाची आहे. बॉल उचललेलं मूल दोन-तीन सेकंद तो हातात धरून बसतं, ‘कोणाला देऊ’ म्हणत, आणि तेवढ्यात फलंदाज आणखी एक थांबा मारतो. पहिले सहा-सात तास याचं उत्तर एकच ठेवा: बॉल नेहमी घरी. निवड नंतर शिकवायची.

हे उलगडून दाखवायचं म्हणजे फळ्यावर आकृती काढायची नाही. एक गट मैदानात उभा करा, बॉल तुम्ही हाताने हळू घरंगळवा आणि सगळ्यांना चालत-चालत आपापलं काम करायला लावा. धावायला बंदी. तीनदा चालत केलं, मग एकदा धावत. चार-पाच मिनिटांत होतं. बाकीच्या तीन गटांनी कडेला बसून बघायचं आणि सातापैकी कोण नुसतं उभं राहिलं ते सांगायचं. बसवून ठेवलेल्या मुलांचा हा एकच उपयोग मला मान्य आहे.

बॉल अडवण्याचं तंत्र फार लांबवू नका, पण एक गोष्ट पक्की करून घ्या. घरंगळत येणाऱ्या बॉलच्या समोर यायचं, एक गुडघा जमिनीला टेकायचा, दोन्ही हातांची बोटं खाली आणि करंगळीला करंगळी. मुलं बॉलच्या बाजूला उभी राहून एका हाताने घालतात. आपली मैदानं मुरमाची, बॉल खड्याला लागून उडतो आणि हात रिकामा राहतो. अंग बॉलच्या मागे असलं तर हातातून सुटला तरी मांडीला लागून तिथेच पडतो. झेलाचं मात्र वेगळं आहे. टेनिस बॉल या वयाच्या ताठ बोटांवरून उसळतो, दोनदा तोंडावर लागला की मूल डोळे मिटून घेतं आणि मग ते महिनाभर जात नाही. झेल मोज्याच्या बॉलवर शिकवा.

मोज्याचा बॉल करायला पाच मिनिटं लागतात. जुन्या मोज्याच्या टोकात सुती चिंध्या ठासून भरा, पीळ द्या, उरलेला मोजा उलटून पुन्हा त्याच्यावर चढवा, आणि सुतळी न वापरता जाड दोऱ्याने चार टाके घाला. सुतळीची गाठ टणक होते, ती लागते. राऊंडर्सच्या खऱ्या बॉलचं वजन ७० ते ८५ ग्रॅम असतं आणि घेर १८ ते २० सेंटीमीटर. किराणा दुकानाच्या काट्यावर ७०-७५ ग्रॅम भरेल इतक्या चिंध्या घाला. टेनिस बॉल याहून हलका असतो, ५८ ग्रॅमच्या आसपास. मोज्याचा बॉल टप्पा घेत नाही, लांब जात नाही, उतारावरून ओढ्यात पळत नाही. कंपाऊंड नसलेल्या आणि चढावर असलेल्या शाळेला टेनिस बॉलपेक्षा तोच सोयीचा. पावसात मात्र तो दगड होतो. ओला झाला की बाजूला ठेवा. घमेल्यात पडल्यावर तो नीट वाजतही नाही, त्यामुळे तो वापरताना घरवाल्याने बॉल टाकल्याबरोबर ‘घर!’ म्हणून ओरडायचं.

तिसऱ्या-चौथ्या तासाला उघड्या तळहाताने मारायला द्या. बॉल टाकणारा पाच पावलांवरून खालून हळू टाकतो, फलंदाज तळहाताने मारतो. मोज्याच्या बॉलला हे छान जमतं. हात हीच बॅट असल्यामुळे डोळा आणि हात यांचा मेळ लवकर बसतो, आणि तुमच्या लक्षात येतं की कोणाला बॅट दिली तरी चालेल आणि कोणाला अजून नको.

मग बॅट. तुमची एक प्लास्टिकची आहेच. बाकीच्या सुताराकडून फळीच्या करून घ्या: लांबी ४५ सेंटीमीटर, रुंदी ८, जाडी दीड. एका टोकाला १२-१३ सेंटीमीटरपर्यंत मूठ साडेतीन सेंटीमीटरची निमुळती करायची, कडा कानशीने घासून गोल करायच्या आणि मुठीला सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी आवळून गुंडाळायची. ती पट्टी शोभेची नाही, घामाने हातातून बॅट सुटू नये म्हणून. राऊंडर्सची बॅट गोल असते, लांबी जास्तीत जास्त ४६ सेंटीमीटर आणि घेर १७. ती हातभर दंडुकी लहान मुलांना फार निसटते, म्हणून सुरुवातीला चपटी फळी. घरचं धोपाटणं चालतं, पण ते जड असतं, दोन्ही हातांनीच धरू द्या. नियमातही दोन हातांनी मारायला मनाई नाही. बॅटा दोनच असतील तर दोन गट बॅटने आणि दोन गट तळहाताने खेळतील, तास अर्धा झाला की अदलाबदल. त्याने काही बिघडत नाही.

बॅट आली की आधी उभा बॉल मारायला द्या. त्यासाठी प्लंबरकडचा दोन इंची पीव्हीसी पाइपचा ७० सेंटीमीटरचा तुकडा आणि रंगाचा चार लिटरचा रिकामा डबा घ्या. पाइप डब्यात मधोमध उभा धरून ओला मुरूम ठेचून भरा. पाइपच्या तोंडावर टेनिस बॉल अलगद बसतो आणि तो तिसरीच्या मुलाच्या कमरेच्या आसपास येतो. पाइपची कापलेली कड आधी घासून घ्या. मुलाचा फटका पाइपला लागत असेल तर ते बॉलकडे न बघता मैदानाकडे बघतंय असं समजा. बॉलवर पेनाने ठिपका काढून ‘ठिपक्यावर मार’ सांगितलं की बहुतेकांचं सुधारतं.

इथे क्रिकेट पुन्हा आडवं येतं. मुलं बॅट जमिनीला टेकवून, वाकून, सरळ बॅटने खेळायला उभी राहतात. राऊंडर्समध्ये बॉल टप्पा न घेता येतो, गुडघ्याच्या वर आणि डोक्याच्या खाली, बॅटच्या बाजूने. तिथे उभी बॅट उपयोगाची नाही. मुलाला आडवं उभं करा, उजव्या हाताने मारणाऱ्याचा डावा खांदा बॉल टाकणाऱ्याकडे, बॅट मागे खांद्याशी, आणि फटका आडवा. डावखुऱ्याचं सगळं उलट, आणि बॉलही त्याच्या डाव्या बाजूनेच टाकायचा हे दोन नंबरला बजावून ठेवा. उजव्या हाताच्या मुलांचे फटके बहुतेक तिसऱ्या थांब्याकडे जातात, डावखुऱ्याचे पहिल्याकडे. म्हणून डावखुरा आला की सात नंबरने पलीकडे सरकायचं. हे सरकणं मुलांनी न सांगता केलं तर समजा की ती आता खेळ वाचायला लागली.

टाकलेला बॉल दोनदा चुकला की तिसरा पाइपवरून, तिथेही नाही लागला तर हाताने फेकून पळायचं. हा नियम सगळ्यांना सारखा ठेवा, ठरावीक मुलांनाच सवलत म्हणून नको. तो नसेल तर एखादं मूल आठ-दहा बॉल हुकवत उभं राहतं, बाकी सहा जण हसतात आणि तास तिथेच अडकतो.

सुरक्षेच्या दोनच गोष्टी आहेत, पण त्यांत सूट देऊ नका. पहिली, बॅट फेकून पळणं. फलंदाजाच्या शेजारी पंक्चरवाल्याकडचा सायकलचा जुना टायर ठेवा. बॉल मारला की बॅट टायरमध्ये ठेवायची आणि मगच पळायचं. बॅट टायरच्या बाहेर पडली तर त्या फटक्याचे गुण शून्य. रागावणं नाही, समजावणं नाही, शून्य. तीन-चार शून्यांनंतर सगळ्यांच्या बॅटा टायरमध्ये पडायला लागतात. (मोठ्यांच्या राऊंडर्समध्ये फलंदाज बॅट हातात घेऊनच धावतो, पण एका गटाला एकच बॅट असताना आणि मुलं या वयाची असताना ते नको.) दुसरी, घरवाला. तो फलंदाजाच्या निदान तीन मीटर मागे हवा आणि मूल उत्साहात पुढे सरकत येतं, म्हणून त्याच्यापुढे फक्कीची रेघ मारा. बॅट फिरेपर्यंत रेघ ओलांडायची नाही. चारही गटांचे फलंदाज एका ओळीत ठेवा, सगळ्यांचे फटके एकाच दिशेला, आणि तुम्ही त्या ओळीच्या मागे उभे राहा, म्हणजे एका नजरेत चारही बॅटा दिसतात. शेजारच्या दोन चौकोनांत दहा पावलं तरी मोकळी जागा हवी. मैदान तेवढं रुंद नसेल तर दोनच चौकोन मांडा आणि बाकीच्या दोन गटांना भिंतीपाशी झेलाचं काम द्या, दहा मिनिटांनी बदला.

ज्या मुलाला कुठेच जमत नाही त्याला घरवाला करायचा, अशी पद्धत पडलेली दिसते. उलट आहे. या खेळात सगळ्यात जास्त बॉल घरवाल्याच्या हाताला लागतात, आणि त्याच्या हातातून बॉल सुटला की पाच जणांची मेहनत वाया जाते. ठरलेल्या क्रमाने सगळे तिथे येतातच, त्यामुळे वेगळी निवड करावी लागत नाही. मुलींना कायम लांब उभं करायची सवयही याच क्रमाने मोडते. फक्त क्रम मोडू देऊ नका. ‘सर, तो टाकू दे, त्याला जमतं’ ही मागणी दुसऱ्या तासापासून सुरू होते.

पाच-सहा तास असे झाले की मगच बाद करणं आणा. आधी झेल, त्याच्या पुढच्या तासाला थांबा. थांब्याचा नियम असा: फलंदाज ज्या थांब्याकडे धावतोय, त्या थांब्याच्या गोलात बॉल हातात धरलेल्या क्षेत्ररक्षकाचा पाय त्याच्या आधी पडला की तो बाद. आता ‘बॉल नेहमी घरी’ हा जुना नियम बदलून ‘बॉल फलंदाजाच्या पुढच्या थांब्यावर’ असा होतो आणि बॉल उचलणाऱ्याला मान वर करून बघावं लागतं. बाद झाला तरी पाळी जात नाही, त्या फटक्याचे गुण जातात. पाळी गेली तर पुन्हा तीच गत होईल, ज्यांना सरावाची सगळ्यात जास्त गरज तीच मुलं आधी बाहेर बसतील.

आणि इथे लगोरी आडवी येते. लगोरीत आणि आबाधुबीत पळणाऱ्याला बॉल मारला की तो बाद, हे मुलांच्या अंगात भिनलेलं असतं. थांब्याचा नियम आणल्याच्या पहिल्या दिवशी चौकोनात बॉल उचललेलं मूल फलंदाजाच्या पाठीवर सपकन् मारेल, आणि लागल्यावर आनंदाने ओरडेल. त्याचा दोष नाही. सुरुवातीलाच सांगा की पळणाऱ्याला बॉल मारला तर फलंदाजाला दोन गुण जादा. त्या दिवसापुरता मोज्याचा बॉलच वापरा.

दुसरी ठेच थांब्यापाशी लागते. चार, पाच, सहा नंबर बाटलीच्या बाहेरच्या बाजूला, नेमके धावणाऱ्याच्या वाटेत उभे राहतात आणि टक्कर होते. थांब्यावरच्याने आतल्या बाजूला उभं राहायचं आणि फलंदाजाने बाहेरून जायचं. प्रत्येक गोलाच्या आतल्या कडेला फक्कीने पायाची खूण काढून ठेवली की सांगत बसावं लागत नाही. राऊंडर्सच्या नियमातही धावणाऱ्याला अडवायला परवानगी नाही.

अंतर बरोबर आहे की नाही हे खेळच सांगतो. सात फलंदाजांपैकी पाच-सहा जण पूर्ण फेरी मारत असतील तर थांबे दोन-दोन पावलं लांब न्या. कोणीच दुसऱ्या थांब्यापुढे जात नसेल तर जवळ आणा. बहुतेक फलंदाज दुसऱ्या आणि तिसऱ्या थांब्याच्या आसपास सापडले पाहिजेत, तरच धावायचं की थांबायचं हा विचार मुलं करतात. एखादा दांडगा मुलगा प्रत्येक बॉल कुंपणापलीकडे घालत असेल तर कुंपण ओलांडलं की शून्य, हे जाहीर करा. बॉल आणायला जाण्यात त्याच्या गटाची तीन-चार मिनिटं जातात आणि त्याला स्वतःला मोकळी जागा शोधायची गरजच पडत नाही.

३५ मिनिटांच्या तासाची विभागणी साधारण अशी बसते. पाच मिनिटं मांडणी आणि अंग मोकळं करणं. घमेली, बाटल्या, टायर मुलांनीच ठेवायचे, प्रत्येक गटाचा सात नंबर त्याला जबाबदार. सहा मिनिटं एकच कौशल्य, समजा बॉल अडवणं. ११ मिनिटं पहिला डाव, प्रत्येकाला तीन फटके. दोन मिनिटं बसून एकच प्रश्न, ‘फलंदाजाला सगळ्यात जास्त थांबे कधी मिळाले?’ मग आठ मिनिटं दुसरा डाव, या वेळी दोनच फटके. उरलेल्या वेळात आवराआवर. पहिल्या डावात वेळ जास्त लागत असेल तर घड्याळाकडे नाही, बॉल टाकणाऱ्याकडे बघा. नव्वद टक्के वेळा तिथेच अडलेलं असतं, आणि त्याला दोन पावलं पुढे आणलं की सुटतं.

तास चालू असताना एखाद्या गटातलं एकच मूल निवडून दोन मिनिटं त्याच्यावर नजर ठेवा. त्याचा हात किती वेळा बॉलला लागला ते मोजा, आणि बॉल त्याच्याकडे येत नसताना ते कुठे बघत होतं तेही. दोन मिनिटांत एकदाही बॉल लागला नसेल, तरी बॉल आला तिकडे ते सरकत असेल, तर काळजी नाही. एका जागी उभं राहून दुसऱ्याच गटाचा खेळ बघत असेल तर त्या गटाला पुन्हा एकदा चालत-चालत उलगडून दाखवायला हवं.

गुण मोजताना तिसरी-चौथीला थांब्यागणिक एक गुण पुरतो, गटाचा दोन नंबर मोठ्याने मोजतो. पाचवीत गेल्यावर खरी पद्धत आणता येते: बॉल मारून न थांबता पूर्ण फेरी केली की एक राऊंडर, दुसऱ्या थांब्यापर्यंतच गेला तर अर्धा. तेव्हा दोन गट जोडून सात विरुद्ध सात असा सामना लावा, आणि मधल्या थांब्यावर थांबून पुढच्या फलंदाजाच्या फटक्यावर पुन्हा धावायची मुभा द्या. एका थांब्यावर दोन धावणारे एकदम राहू शकत नाहीत, हा नियम त्याच दिवशी सांगा. मागचा आला की पुढच्याला निघावंच लागतं, आणि नेमक्या त्याच गोंधळात क्षेत्ररक्षकांना एक गडी मिळतो.